दट्ट्याची सगळी छिद्रे बंद केली, तरी वजन लवकर का थांबले नाही?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मी रत्नागिरीजवळच्या एका महाविद्यालयात बी. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना गणित शिकवतो. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या मदतीने आम्ही या महिन्यात एक साधा प्रयोग उभा केला. छताच्या कडीला स्प्रिंग टांगली, तिला २ किलोचे वजन लावले आणि वजनाखाली एका सळईच्या टोकाला दट्ट्या बसवून तो तेलाने भरलेल्या नळकांड्यात सोडला. दट्ट्याला छिद्रे पाडलेली आहेत आणि बुचे लावून ती हवी तेवढी बंद करता येतात, त्यामुळे तेल न बदलता अडथळा कमीजास्त होतो. वजन समतोलाच्या जागेपासून १० सेंटिमीटर खाली ओढून सोडायचे आणि मोबाईलवर व्हिडिओ घेऊन चौकटी मोजायच्या, एवढेच काम.

सोडण्यापूर्वी मी वर्गाला विचारले की वजन सर्वांत लवकर कधी स्थिरावेल. जवळजवळ सर्वांचे उत्तर होते, सगळी छिद्रे बंद केल्यावर. घडले उलटेच. अर्धी छिद्रे बंद असताना वजन ०.४३ सेकंदात समतोलापासून १ सेंटिमीटरवर आले, आणि सगळी बंद केल्यावर तेवढ्याच अंतरावर यायला त्याला १.३ सेकंद लागले.

समीकरण नेहमीचेच आहे. स्प्रिंगचा स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर आहे. अडथळ्याचा गुणांक c आम्ही मोजला आणि हिशेबाच्या सोयीसाठी गोल केला.

```
2 x'' + c x' + 200 x = 0
2 r^2 + c r + 200 = 0

c = 12  :  r = -3 ± 9.54 i
c = 40  :  r = -10, -10
c = 104 :  r = -2, -50
```

पहिल्या ओळीत छिद्रे उघडी आहेत आणि वजन हेलकावे खाते. दुसरी ओळ क्रिटिकल डॅम्पिंगची आणि तिसरी ओव्हरडॅम्पिंगची. गणितातून १ सेंटिमीटरला पोहोचण्याचा वेळ दुसऱ्या वेळी ०.३९ आणि तिसऱ्या वेळी १.१७ सेकंद येतो. म्हणजे दोन्ही वेळा प्रत्यक्ष वजन गणितापेक्षा मागे पडले आणि शेवटी समतोलाच्या ३ मिलिमीटर अलीकडेच थांबून राहिले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अडथळा वाढवल्यावर थांबायला वेळ का वाढतो, हे सूत्राबाहेर येऊन कसे सांगावे? दोन्ही मुळे सारखी आली की उत्तरात `t` चा गुणक कुठून येतो, हे विद्यार्थ्यांना पटेल असे कसे मांडावे? आणि ते ३ मिलिमीटर कशाचे आहेत?

---

पाटवाकी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे, असे मला वाटते. क्रिटिकल अवस्था हीच सर्वांत जलद अवस्था असते, कारण तिच्यात वस्तू समतोलाची रेषा कधीच ओलांडत नाही आणि तरीही शक्य तितक्या वेगाने परत येते. त्याहून कमी अडथळा दिला तर हेलकाव्यांत वेळ जातो आणि जास्त दिला तर वस्तू रेंगाळते. विवेचक शून्य असेल तिथे वेळ किमान, एवढे विद्यार्थ्यांना सांगितले तर पुरे.

---

बंदरावरचा काटा

मी मिरकरवाडा बंदरावर आणि आजूबाजूच्या बाजारांत वजनकाटे दुरुस्त करतो. गणित माझे दहावीपर्यंतचे आहे, पण सरांनी वर्णन केलेली वस्तू माझ्या रोजच्या हातातली आहे. गोल तबकडीच्या जुन्या स्प्रिंगच्या काट्यांत आत तेलाचे एक लहान नळकांडे असते, ते नसेल तर सुई बराच वेळ नाचत राहते.

माझा अनुभव असा आहे की एकाच काट्यावर किलोभर कोळंबी ठेवली तर सुई संथपणे सरकत जागेवर येते, आणि त्याच काट्यावर मोठी सुरमई ठेवली तर सुई पुढे जाऊन मागे येते. गिऱ्हाईक तक्रार करते तेव्हा मी तेल खराब झाले असे समजून ते बदलतो. जाड तेल घातले तर सुरमईला बरे पडते, पण कोळंबीला सुई अधिकच रेंगाळते, आणि पातळ घातले तर बरोबर उलटे होते. दोन्हींना चालेल असे तेल कोणते, हे कोणी सांगू शकेल का? सरांच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे की नाही, ते मला ठाऊक नाही.

---

अनुलोम

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण काटेवाल्या दादांचे उत्तर त्यातूनच निघेल.

मुळांचा गुणाकार नेहमी k/m एवढा असतो, म्हणजे इथे १००, आणि बेरीज ‑c/m एवढी. c वाढवत जाताना मुळे कशी फिरतात ते फळ्यावर काढून दाखवावे. c शून्य असताना ती काल्पनिक अक्षावर +१०i आणि ‑१०i येथे असतात. c वाढू लागला की दोन्ही मुळे १० त्रिज्येच्या वर्तुळावरून डावीकडे सरकतात, ‑१० वर एकमेकांना भेटतात आणि त्यानंतर वास्तव अक्षावर विरुद्ध दिशांना निघतात. गुणाकार मात्र १०० च राहिला पाहिजे, म्हणून एक मूळ ‑५० पर्यंत पळाले की दुसऱ्याला ‑२ वर यावेच लागते. पळालेल्या मुळाचा भाग डोळ्याला दिसण्यापूर्वीच विरून जातो आणि आपण पाहतो ते जवळपास सगळे मंद मुळाचे काम असते. तुमच्या तिसऱ्या प्रयोगाचे उत्तर सेंटिमीटरमध्ये असे येते:

```
x(t) = 10.417 e^(-2t) - 0.417 e^(-50t)
```

यातले दुसरे पद सुटतेवेळी वेग शून्य ठेवण्यापुरतेच आहे.

हेच सूत्राशिवाय सांगायचे असेल तर असे सांगता येईल. सगळी छिद्रे बंद असताना वजनाचे जडत्व जवळजवळ बिनकामाचे ठरते. स्प्रिंग जेवढ्या जोराने ओढते तेवढ्याच जोराने तेल अडवते, म्हणून वेग kx/c एवढा राहतो. k/c म्हणजे २०० भागिले १०४, सुमारे १.९२, आणि हे तुमच्या मंद मुळाच्या अगदी जवळ आहे. c भाजकात असल्यामुळे तेलाचा अडथळा वाढवला की परतीचा वेग घटणारच. विद्यार्थ्यांची चूक एवढीच आहे की त्यांच्या मते तेलाने वजन थांबवायचे असते. या अवस्थेत वजन स्प्रिंगने घरी आणायचे असते आणि तेल फक्त वाट अडवते.

आता पाटवाकी यांच्या विधानाबद्दल. ते अर्धे बरोबर आहे. दीर्घकाळाच्या ऱ्हासाचा दर क्रिटिकल अवस्थेत सर्वांत जास्त असतो हे खरे, पण «स्थिरावणे» याचा अर्थ प्रयोगशाळेत «ठरावीक पट्ट्यात येऊन तिथेच राहणे» असा असतो, आणि तो पट्टा धरला की क्रिटिकलपेक्षा थोडा कमी अडथळा जिंकतो. याच प्रयोगात c = ३२ घ्या. मुळे ‑८ ± ६i येतात. वजन समतोल ओलांडते, पण किती? ०.५२ सेकंदाला ते पलीकडे दीड मिलिमीटर जाते आणि परत फिरते. तुमचा पट्टा २ मिलिमीटरचा असेल तर हे ओलांडणे मोजण्यातच येत नाही, आणि वजन ०.३८ सेकंदात पट्ट्यात शिरून आतच राहते. क्रिटिकल अवस्थेला त्याच पट्ट्यासाठी ०.५८ सेकंद लागतात. पट्टा अरुंद केला तर सर्वांत चांगला c हळूहळू ४० कडे सरकतो.

क्रिटिकल अवस्थेत समतोल कधीच ओलांडला जात नाही, हेही सुटतेवेळी वेग शून्य असेल तरच खरे आहे. १० सेंटिमीटरवरून वजन समतोलाच्या दिशेने १ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त वेगाने ढकलले, तर ते एकदा पलीकडे जाऊनच परत येते. तुमच्या ओव्हरडॅम्प्ड जोडणीत हीच सीमा ५ मीटर प्रति सेकंद आहे. दुसऱ्यांदा मात्र ते या दोन्ही अवस्थांत ओलांडू शकत नाही.

---

पाटवाकी

पट्ट्याचा मुद्दा मान्य आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. तरीही ज्या यंत्रात पलीकडे जाणेच धोक्याचे असते तिथे क्रिटिकल हीच योग्य निवड राहते, आणि «सर्वांत जलद» या शब्दांचा तो अर्थ मला अजूनही अधिक नैसर्गिक वाटतो.

---

सुरंगीचा वळेसर

मी वेंगुर्ल्याची आहे आणि बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की वजन टांगलेले असूनही समीकरणात गुरुत्वाकर्षण कुठेच दिसत नाही, ते का?

दुसरी शंका सारख्या मुळांची आहे. आमच्या वर्गात याला ऑक्झिलरी समीकरण म्हणतात आणि मूळ दोनदा आले की `(A + Bt)` लिहायचे असे सांगून पुढे जातात. मी आधी `A e^(-10t) + B e^(-10t)` असे लिहून पाहिले होते. सोडण्याच्या क्षणी विस्थापन १० असायला हवे, म्हणून A + B = १० आले, आणि वेग शून्य असायला हवा, म्हणून A + B = ० आले. म्हणजे काहीतरी कमी पडते एवढे कळले, पण जे कमी पडते ते नेमके `t` च का असावे, हे कळले नाही.

---

अनुलोम

तुमचा प्रयत्न मला फार आवडला. दोन स्थिरांक लिहिले तरी ते एकच स्थिरांक आहेत, हे तुम्ही स्वतः अटी घालून पकडलेत, आणि शंका नेमकी तिथूनच सुरू व्हायला हवी.

आधी गुरुत्वाकर्षण. २ किलोच्या वजनाने ही स्प्रिंग ९.८ सेंटिमीटर लांबते आणि तिथे स्प्रिंगचा ओढ व वजन एकमेकांना रद्द करतात. x त्या बिंदूपासून मोजला की रद्द झालेली जोडी समीकरणातून निघून जाते. म्हणजे गुरुत्वाकर्षण समतोलाची जागा ठरवते, मुळांना हात लावत नाही.

आता `t`. दोन वाटांनी जाता येते. पहिली वाट अशी की उत्तर `x = u(t) e^(-10t)` असे असेल असे धरा, u काहीही असो, आणि ते समीकरणात घाला. c = ४० असताना समीकरण २ ने भागले की `x'' + 20x' + 100x = 0` उरते. विभेदन करून पाहा, u' ची पदे एकमेकांना खातात, u ची पदेही खातात, आणि हातात फक्त `u'' = 0` राहते. ज्याचे दुसरे विभेदन शून्य आहे असे फलन म्हणजे सरळ रेषा, `A + Bt`. म्हणजे `t` कोणी बाहेरून आणून लावलेला नाही. मूळ दुहेरी नसते तर u' चे पद उरले असते आणि u सरळ रेषा झाला नसता.

दुसरी वाट मुळे भेटण्याच्या क्षणाची आहे. c चाळिसाच्या किंचित वर असेल तर ‑१० च्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ दोन मुळे असतात. त्यांची उत्तरे इतकी सारखी असतात की त्यांच्यातला फरक शून्याकडे जातो, पण तो फरक मुळांमधल्या अंतराने भागला तर भागाकार शून्याकडे जात नाही. तो r च्या सापेक्ष `e^(rt)` चे विभेदन होतो, आणि ते विभेदन म्हणजे `t e^(rt)`. म्हणून c = ३९.९, ४० आणि ४०.१ यांच्या आलेखांत डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. सूत्राचे रूप बदलते, वजनाला त्याची खबर नसते. अचर सहगुणकांची समीकरणे अशी मुळांवरून सोडवण्याची रीत ऑयलरने १७४३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि सारख्या मुळांचा प्रश्न त्यालाही सोडवावा लागला होता.

काटेवाल्या दादा, आता तुमचे तेल. तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि तेल खराब नाही. स्प्रिंग तीच, तेल तेच, पण मासा ठेवला की m बदलतो, आणि वर्गमुळाखालच्या c² ‑ 4mk मध्ये m आहे. सरांच्याच आकड्यांत c = ४० कायम ठेवून पाहू:

```
m = 1 :  r = -5.86, -34.14
m = 2 :  r = -10, -10
m = 4 :  r = -5 ± 5 i
```

हलक्या वजनाला तेच तेल जादा होते, म्हणून कोळंबीला सुई रेंगाळते, आणि जड वजनाला कमी पडते, म्हणून सुरमईला ती पुढे जाते. पारड्याचे आणि सुईच्या यंत्रणेचे वजनही m मध्ये धरायचे असते, म्हणून प्रत्यक्ष फरक एवढा तीव्र नसेल. तरी सगळ्या वजनांना क्रिटिकल ठरेल असे एकच तेल असू शकत नाही. ज्या वजनाचे मासे तुमच्याकडे सर्वांत जास्त तोलले जातात त्याला सुई एकदाच किंचित पुढे जाईल असे तेल निवडावे, हा माझा सल्ला.

---

बंदरावरचा काटा

म्हणजे मी इतकी वर्षे चांगले तेल काढून टाकत होतो. आता दोन किलोचे बांगडे ठेवून तेल बसवतो, कारण आमच्याकडे तेवढेच वजन दिवसभर चढते. एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही असे वाटते. काही काट्यांची सुई प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबते, हाताने तबकडीवर टिचकी मारली की थोडी सरकते. तिथे तेल कोणतेही असले तरी फरक पडत नाही.

---

जुनी प्रयोगशाळा

मी निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक आहे. वरच्या प्रतिसादातली टिचकी हेच धागाकर्त्यांच्या ३ मिलिमीटरचे उत्तर आहे, असे मला वाटते. गॅल्व्हानोमीटरचे डॅम्पिंग आम्ही बाहेरचा रोध बदलून क्रिटिकल करत असू, आणि तिथे कॉइल तारेवर टांगलेली असल्यामुळे सुटा घर्षणबिंदू नसे, म्हणून प्रकाशाचा ठिपका बिनचूक शून्यावर येई. तुमच्या जोडणीत सळई किंवा दट्ट्या कुठेतरी घासत आहे. कोरडे घर्षण वेगावर अवलंबून नसते, ते `c x'` या पदात बसत नाही आणि मुळे काढताना त्याचा पत्ता लागत नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. नळकांडे रिकामे करा, वजन तसेच १० सेंटिमीटर ओढून सोडा आणि त्याच बाजूची लागोपाठची टोके लिहून काढा. अडथळा वेगाच्या प्रमाणात असेल तर टोके सारख्या पटीने घटतात, समजा १०, ८.८, ७.८, ६.९ अशी. कोरडे घर्षण असेल तर ती सारख्या अंतराने घटतात, १०, ८.८, ७.६, ६.४ अशी. पहिली दोन टोके दोन्हींत सारखीच असू शकतात, म्हणून चार तरी घ्यावीत.

---

खाडीकाठ

काल संध्याकाळी नळकांडे रिकामे करून पाहिले. टोके १०, ८.८, ७.६ आणि ६.५ अशी मिळाली. म्हणजे घट सारख्या अंतराची आहे, प्रत्येक आवर्तनात सुमारे १.२ सेंटिमीटर. घर्षणाचे बल F असेल तर ही घट 4F/k एवढी असते, त्यावरून F सुमारे ०.६ न्यूटन येते. आणि ३ मिलिमीटर ताणलेली ही स्प्रिंग बरोबर ०.६ न्यूटननेच ओढते. वजन तिथे का थांबले हे त्यावरून उलगडले.

---

अनुलोम

फार सुंदर मापन आहे. आता तुमचा १.३ सेकंदही समजतो. वजन एकाच दिशेने सरकत असेपर्यंत घर्षण हे स्थिर बल असते, आणि गुरुत्वाकर्षणासारखेच ते फक्त समतोलाची जागा हलवते, इथे ३ मिलिमीटरने. मुळे ‑२ आणि ‑५० च राहतात. म्हणून मोजलेल्या x चे लॉगॅरिदम काढले तर शेपटीला वाकलेली रेषा मिळेल, पण प्रत्येक वाचनातून ०.३ सेंटिमीटर वजा करून मग लॉगॅरिदम काढले तर रेषा सरळ यायला हवी आणि तिचा उतार ‑२ असायला हवा. हिशेब केला तर ९.७ वरून ०.७ वर येण्याला १.३३ सेकंद लागतात.

मात्र एक गोष्ट मला खटकते. तुम्ही रिकाम्या नळकांड्यात मोजलेले घर्षण आणि तेलात थांबलेल्या वजनावरून निघणारे घर्षण सारखेच आले. दट्ट्या नळकांड्याच्या भिंतीला घासत असता तर तेलामुळे घर्षण बरेच कमी व्हायला हवे होते.

---

जुनी प्रयोगशाळा

मग घासणारी जागा तेलाबाहेर असावी. नळकांड्याला झाकण आहे का आणि सळई त्याच्या भोकातून जाते का? खाऱ्या हवेत अशा सळईवर एका पावसाळ्यात गंज चढतो. दुसरी शक्यता अशी की नळकांडे पूर्ण उभे नसेल आणि दट्ट्या एका बाजूला रेलत असेल, तेव्हा तेलाचा थर पिळून निघतो आणि तेलातही घर्षण तेवढेच राहू शकते.

---

खाडीकाठ

झाकण आहे आणि सळई त्यातूनच जाते. गंज वरवर दिसत नाही, पण ओळंबा लावून पाहिला तेव्हा नळकांडे किंचित कललेले आढळले, त्यामुळे दोन्ही शक्यता अजून उभ्या आहेत. ०.३ वजा करून काढलेली रेषा पहिल्या सेकंदापर्यंत सरळ येते आणि उतार ‑१.९ मिळतो. त्यापुढची वाचने इतकी लहान आहेत की व्हिडिओवर मिलिमीटर नीट वाचता येत नाहीत. सोमवारी आधी झाकण काढून मोजतो, नंतर नळकांडे सरळ करून मोजतो, आणि बुचे बदलून c बत्तीसच्या जवळ आणता येतो का तेही पाहतो. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या तर कारण कोणते होते ते कळणार नाही.

---

सुरंगीचा वळेसर

सर, c = ३२ ला वजन पलीकडे दीड मिलिमीटर जाते असे वर लिहिले आहे, पण घर्षणामुळे ते ३ मिलिमीटरच्या आत कुठेही अडकू शकते. मग घर्षण काढल्याशिवाय ते ओलांडणे दिसणारच नाही, असे आहे का?

---

खाडीकाठ

होय, तसेच आहे. म्हणून c = ३२ चे मापन सर्वांत शेवटी घेतो.